जहाज निघालं आणि बीएलवर नाव चुकलं? बंदराला लागण्याआधी दुरुस्ती अशी करून घ्या

द्राक्षाचा कंटेनर न्हावा शेवाहून सुटला की गावात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. माल गेला, आता पैशाची वाट बघायची. पण बऱ्याचदा याच वेळेला खरेदीदाराचा मेल येतो की बिल ऑफ लेडिंगवर कन्साइनीचं, म्हणजे माल ज्याच्या ताब्यात द्यायचा त्याचं, नाव चुकलंय. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि छोटे निर्यातदार वाढलेत, तशी आपल्या तालुक्यांतून ही अडचण जास्त ऐकू येते. अशा वेळी काय करायचं, कोणाला लिहायचं आणि किती दिवस हातात असतात, याची ही माहिती.

बीएल म्हणजे नुसती बिल्टी नाही

ट्रकनं माल पाठवला की ट्रान्सपोर्टवाला बिल्टी देतो. समुद्रमार्गे माल पाठवला की शिपिंग लाइन बिल ऑफ लेडिंग देते. सगळे त्याला बीएल म्हणतात. दोन्ही कागद सारखे वाटतात, पण एक मोठा फरक आहे. बीएल ही माल मिळाल्याची पावती असते, शिवाय ती मालावरचा हक्कही दाखवते. मूळ बीएल ज्याच्या हातात आणि ज्याचं नाव कन्साइनीच्या रकान्यात, त्यालाच पलीकडच्या बंदरात लाइन माल देते. भारतात हा हक्क कोणाकडं जातो ते सांगणारा कायदा १८५६ सालचा होता. २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा बिल्स ऑफ लेडिंग कायदा आणला. पण मूळ तत्त्व तेच राहिलं: बीएलवर ज्याचं नाव, त्याचा मालावर अधिकार.

म्हणून कन्साइनीचं नाव बदलणं हे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्यासारखं आहे. 'स्पेलिंग चुकलं, पेनानं दुरुस्त करतो' असं इथं चालत नाही. पेनानं खाडाखोड केलेला बीएल ना बँक घेते ना पलीकडची लाइन. शिवाय बीएल मूळ प्रतींच्या संचात निघतो. बहुतेक वेळा तीन मूळ प्रती असतात आणि तिन्हींवर सारखाच हक्क असतो. एक प्रत जुन्या नावाची बाहेर फिरत राहिली आणि दुसरा बीएल नव्या नावाचा निघाला, तर एकाच मालाचे दोन मालक होतील. लाइन सगळ्यात जास्त याला घाबरते. पुढं जे कागद मागितले जातात ते सगळे याच भीतीपोटी.

आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ठरवा

पत्त्यात पिनकोड चुकला, कंपनीच्या नावात एक अक्षर कमी पडलं, 'बी.व्ही.' लिहायचं राहिलं, अशी चूक असेल तर माणूस तोच राहतो. ती किरकोळ दुरुस्ती. लाइन सहसा पाठवणाऱ्याचं पत्र आणि जुन्या मूळ प्रती परत घेऊन काम करून देते.

दुसऱ्या जातीच्या चुकीत माणूसच बदलतो. नाव एका कंपनीचं पडलंय आणि माल जायचाय दुसऱ्या कंपनीला. दोन्ही कंपन्या एकाच ग्रुपच्या असल्या तरी लाइनच्या दृष्टीनं त्या वेगळ्या. ही मोठी दुरुस्ती. तिला हमीपत्र लागतं, जुन्या कन्साइनीची ना-हरकत लागते, आणि पैसे बँकेच्या पतपत्रावर, म्हणजे एलसीवर, असतील तर बँकेची संमतीही लागते.

एक गोष्ट आणखी बघून घ्या. कन्साइनीच्या रकान्यात कंपनीचं नाव नसून 'टू ऑर्डर' असं लिहिलेलं असेल, तर नव्या माणसाला माल देण्यासाठी बीएल बदलायची गरजच नसते. पाठवणारा बीएलच्या पाठीमागं सही-शिक्का करून हक्क पुढं देतो, चेक एन्डॉर्स करतात तसं. त्यामुळं घाईघाईनं दुरुस्तीचा अर्ज करण्याआधी रकाना नीट वाचा.

एक उदाहरण घेऊन बघू

समजा निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीनं द्राक्षाचा एक ४० फुटी रीफर कंटेनर, साधारण १३ टन माल, नेदरलँडमधल्या रॉटरडॅम बंदराला पाठवला. मागच्या हंगामात याच ग्रुपच्या इंग्लंडमधल्या कंपनीला माल गेला होता. या वर्षी ऑर्डर नेदरलँडच्या कंपनीची आली. लाइनला द्यायच्या शिपिंग इन्स्ट्रक्शनचा फॉर्म भरताना ऑफिसातल्या पोरानं मागच्या वर्षीची फाइल उघडली, कंटेनर नंबर, वजन, बॉक्स सगळं बदललं, आणि कन्साइनीचा रकाना तसाच राहिला. लाइननं छापण्याआधी कच्चा बीएल मेलवर पाठवला होता. तो कोणी वाचला नाही, 'ओके' म्हणून परत गेला.

१० फेब्रुवारीला कंटेनर जहाजावर चढला. १३ तारखेला बीएल निघाला. दोन मूळ प्रती नवी मुंबईतल्या सीएचएच्या ऑफिसात राहिल्या, एक प्रत खरेदीदाराला कुरिअरनं गेली. १८ तारखेला खरेदीदाराच्या क्लिअरिंग एजंटनं कळवलं की नाव इंग्लंडच्या कंपनीचं आहे, या नावावर रॉटरडॅमला माल सोडवता येणार नाही.

का येणार नाही? युरोपात आयात करणाऱ्या प्रत्येक कंपनीला कस्टम्सचा एक नोंदणी नंबर लागतो, त्याला ईओआरआय म्हणतात. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून इंग्लंडचा नंबर वेगळा आणि युरोपचा वेगळा. इंग्लंडचा नंबर रॉटरडॅमला चालत नाही. म्हणजे ही स्पेलिंगची चूक नाही, माणूसच बदलला. मोठी दुरुस्ती.

हातात दिवस किती?

सुएझ कालव्यातून जहाज गेलं तर न्हावा शेवा ते रॉटरडॅम तीन-साडेतीन आठवडे लागतात. तांबड्या समुद्रातला धोका टाळून आफ्रिकेला वळसा घातला तर आणखी दहा-बारा दिवस. आपल्या उदाहरणात जहाज वळसा घालून चाललंय आणि १४ मार्चच्या सुमाराला युरोपात पोचणार आहे, असं धरू.

इथं बरेच जण फसतात. ते रॉटरडॅमची तारीख बघतात. जहाज त्याआधी युरोपातल्या दुसऱ्या एखाद्या बंदराला लागणार असेल, तर मोजायची तारीख ती. कारण युरोपला जाणाऱ्या कंटेनरची माहिती भारतात जहाजावर चढवण्याच्या २४ तास आधीच तिथल्या कस्टम्सकडं ऑनलाइन गेलेली असते आणि ती युरोपातल्या पहिल्या बंदराच्या नावानं जाते. त्या माहितीत कन्साइनीचं नावही असतं. ती बदलता येते, पण एका हद्दीपर्यंतच. कस्टम्सनं 'हा कंटेनर आम्ही तपासणार' असं कळवलं, किंवा माहिती चुकीची असल्याचं त्यांनीच आधी काढलं, किंवा माल त्यांच्यापुढं हजर झाला, की दुरुस्तीचा दरवाजा बंद. जहाज समुद्रात असतानाचे दिवस म्हणूनच सोन्याचे.

शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचंही नाही. पहिल्या बंदराच्या आठवडाभर आधी सगळं संपलेलं असावं, असा हिशोब धरा. आपल्या उदाहरणात ती तारीख ७ मार्च येते. १८ फेब्रुवारीपासून १७ दिवस. पुरेसे आहेत, पण वाया घालवण्याइतके नाहीत.

पहिल्या दिवशी काय करायचं

आधी बीएल कोणी दिलाय ते बघा. वर शिपिंग लाइनचं नाव असेल तर दुरुस्ती लाइनकडं. फॉरवर्डरचं नाव असेल तर तो हाउस बीएल. मग दुरुस्तीची मागणी फॉरवर्डरकडं जाते. त्याचा लाइनकडचा मास्टर बीएल वेगळा असतो आणि त्यावर बहुतेक वेळा फॉरवर्डरच्या परदेशातल्या एजंटचं नाव असतं, त्याला हात लावावा लागत नाही. चुकीच्या दारात अर्ज केला की दोन-तीन दिवस तिथंच जातात.

दुसरं, फोनवर बोला पण त्याच दिवशी मेलही टाका. मेलमध्ये बीएल नंबर, कंटेनर नंबर, जहाजाचं नाव आणि फेरी नंबर द्या. खाली दोन ओळी: आता कन्साइनी काय छापलंय आणि काय पाहिजे. पाहिजे असलेलं नाव, पत्ता, ईओआरआय नंबर खरेदीदाराकडून लेखी घ्या आणि जसाच्या तसा चिकटवा. ऐकून टाइप करू नका, नाहीतर दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागते. सोबत नोटिफाय पार्टीचा रकानाही बघा. माल पोचल्याची सूचना ज्याला द्यायची त्याचं नाव तिथं असतं. कन्साइनी चुकला असेल तर बहुतेक वेळा तोही चुकलेला असतो. दोन्ही एकाच अर्जात घ्या, नाहीतर फी दोनदा लागते.

तिसरं, मूळ प्रती जिथं आहेत तिथंच थांबवा. खरेदीदाराकडं गेलेली प्रत त्यानं कोणाला देऊ नये, हे त्याला लगेच कळवा.

कागद कोणते लागतात

प्रत्येक लाइनचा नमुना वेगळा, पण मोठ्या दुरुस्तीला साधारण चार गोष्टी मागतात.

एक, पाठवणाऱ्या कंपनीच्या लेटरहेडवर विनंतीपत्र, अधिकृत सही आणि शिक्क्यासह. बीएल बदलून मागण्याचा अधिकार पाठवणाऱ्याचा आणि पूर्ण मूळ संच ज्याच्याकडं आहे त्याचा. खरेदीदारानं परस्पर लाइनला लिहिलं तर लाइन ते बाजूला ठेवते.

दोन, सगळ्या मूळ प्रती परत. तीन निघाल्या असतील तर तिन्ही. दोन देऊन 'तिसरी नंतर देतो' हे चालत नाही. काही लाइन पूर्ण संच पलीकडच्या ऑफिसात जमा करून घेतात आणि तिथून मुंबईला कळवतात, पण संच एका ठिकाणी पूर्ण झालाच पाहिजे. एक प्रत हरवली असेल तर बँकेची हमी मागितली जाते आणि प्रकरण लांबतं.

तीन, जुन्या कन्साइनीचं ना-हरकत पत्र. आपल्या उदाहरणात इंग्लंडच्या कंपनीनं लिहून द्यायचं की या मालावर आमचा काही दावा नाही. ग्रुप एकच असल्यानं हे पत्र एका दिवसात मिळतं. पण दोन परक्या कंपन्या असतील, त्यात एकाशी सौदा मोडलेला असेल, तर हेच पत्र सगळ्यात अवघड. तिथं सीएचएला सोबत घेऊन लाइनशी लवकर बोलावं.

चार, लाइनच्या नमुन्यातलं हमीपत्र. याला सगळे एलओआय म्हणतात. यावर सही करण्याआधी शेतकरी कंपनीच्या संचालकांनी ते समजून घ्यावं. त्यात असं लिहिलेलं असतं की नाव बदलल्यामुळं उद्या कोणी दावा केला, खटला केला, तर लाइनचं सगळं नुकसान आम्ही भरून देऊ. बऱ्याच हमीपत्रांत रकमेला मर्यादा नसते. म्हणजे चुकीच्या माणसाला माल गेला तर १३ टन द्राक्षांच्या किमतीचा बोजा सभासदांच्या कंपनीवर येऊ शकतो. यासाठीच ना-हरकत पत्र आधी हातात घ्यावं आणि सही नंतर करावी. उलट करू नये.

फीचं म्हणाल तर बीएल छापण्याआधीची दुरुस्ती ठरलेल्या वेळेत केली तर बहुतेक ठिकाणी फुकट होते. छापल्यानंतर दर बीएलमागं फी लागते, आणि पलीकडच्या देशात नोंद बदलण्याची फी वेगळी. दोन्ही आकडे लाइनच्या लोकल चार्जेसच्या यादीत असतात. अर्ज करतानाच लेखी विचारून घ्या.

उदाहरणातल्या तारखा अशा पडतील

१८ फेब्रुवारीला चूक कळली, त्याच दिवशी मेल गेला. १९ ला लाइनकडून हमीपत्राचा नमुना आला. २० ला इंग्लंडच्या कंपनीची ना-हरकत स्कॅन होऊन आली, मूळ पत्र कुरिअरनं निघालं. २१ ला संचालकांच्या सह्या झाल्या. तोवर खरेदीदारानं तिसरी मूळ प्रत परत पाठवली होती, ती २४ ला नवी मुंबईत पोचली. २५ ला तिन्ही प्रती, विनंतीपत्र, हमीपत्र आणि फी एकत्र जमा. २७ ला नव्या बीएलचा कच्चा मसुदा आला. या वेळी तो दोघांनी वाचला आणि खरेदीदाराच्या एजंटलाही पाठवला. २८ ला नवा बीएल.

मसुद्यात एक गोष्ट आवर्जून बघायची. माल जहाजावर चढल्याची तारीख १० फेब्रुवारीच राहिली पाहिजे. बीएल नवा निघाला तरी माल चढायचा त्याच दिवशी चढलाय. ही तारीख बदलली तर पैशाची मुदत बदलते, आणि एलसी असेल तर बँक कागद परत करते. कोणी 'तारीखही पुढची करून घेऊ' असं सुचवलं तर सरळ नाही म्हणा. ती फसवणूक ठरते.

नवा बीएल हातात आला म्हणजे काम झालं नाही

खरी गाडी इथं अडते. मुंबईत नवा कागद छापला, पण पलीकडच्या ऑफिसातल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीत, जुनंच नाव राहिलं, तर जहाज लागल्यावर सूचना जुन्या कंपनीला जाते आणि कस्टम्सच्या पडद्यावरही जुनंच नाव दिसतं. म्हणून लाइनकडून दोन गोष्टी लेखी मागा: रॉटरडॅमच्या ऑफिसला मॅनिफेस्टची दुरुस्ती पाठवली का, आणि युरोपच्या कस्टम्सकडं गेलेली आगाऊ माहिती बदलली का. 'होऊन जाईल' हे उत्तर नाही. खरेदीदाराच्या एजंटनं तिथल्या ऑफिसला विचारून नवं नाव दिसतंय असं कळवलं, की मग झालं. उदाहरणात हे ३ मार्चला कळलं. आपण धरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी.

बाकीचे कागद जुळवा

बीएल दुरुस्त झाला आणि बाकीच्या कागदांवर जुनं नाव राहिलं, तर तिथला तपासनीस विचारणारच. इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट आपल्याच हातातली, ती लगेच बदला. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावरही कन्साइनीचं नाव असतं. ते चुकलं असेल तर ज्या कार्यालयानं दिलं तिथं मूळ प्रत परत करून बदलून मागावं लागतं. याला वेळ लागतो, म्हणून अर्ज बीएलच्या अर्जासोबतच टाका, नंतर नाही.

शिपिंग बिलातलं नाव चुकलं असेल तर ते भारताच्या कस्टम्सकडं बदलायचं. कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १४९ खाली हे करता येतं, पण माल निर्यात झाल्यावर एक अट आहे: जो पुरावा द्यायचा तो निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेला पाहिजे. म्हणजे नेदरलँडच्या कंपनीच्या नावाची खरेदी ऑर्डर किंवा करार १० फेब्रुवारीच्या आधीचा असेल तर तो चालतो. चूक कळल्यावर मागाहून बनवलेला कागद चालत नाही. म्हणूनच ऑर्डर व्हॉट्सअॅपवर 'माल पाठवा' एवढ्यावर न घेता कंपनीचं पूर्ण नाव असलेली मेलवर घ्यावी.

जहाज लागल्यावर काय होतं

दुरुस्ती नंतरही करता येते, पण मग परवानगी तिथल्या कस्टम्सची लागते आणि वेळ आपल्या हातात राहत नाही. रीफर कंटेनरला बंदरात वीज द्यावी लागते, तिचं भाडं रोज चढतं. फुकटचे दिवस संपले की जागेचं आणि कंटेनरचं भाडं सुरू होतं. द्राक्ष तर थांबत नाही. महिनाभर समुद्रात राहिलेला घड आणखी आठ दिवस बंदरात राहिला की देठ सुकतो, आणि मग खरेदीदार भाव पाडून मागतो.

जवळच्या बंदराला माल पाठवणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. दुबईजवळच्या जेबेल अलीला जहाज चार-सहा दिवसांत पोचतं. तिथं वरच्या तारखांचा हिशोब बसतच नाही, मूळ प्रत कुरिअरमध्ये असतानाच जहाज लागतं. पैसे आधी मिळाले असतील किंवा खरेदीदार भरवशाचा असेल, तर अशा ठिकाणी मूळ बीएलऐवजी सी वेबिल घेता येतं. त्याला मूळ प्रती नसतात, त्यामुळं पलीकडं माल मागितला जाईपर्यंत पाठवणाऱ्याच्या लेखी सूचनेवर कन्साइनी बदलणं सोपं जातं. पण पैसे बाकी असतील तर सी वेबिल घेऊ नये. मूळ प्रती हातात नाहीत म्हणजे खरेदीदाराला अडवायला काहीच उरत नाही.

आणि नाव बदला असा मेल खरेदीदाराकडून अचानक आला, त्यातच बँक खातंही बदललेलं असलं, तर आधी जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. मेल हॅक करून माल दुसऱ्याच्या नावावर वळवण्याचे प्रकार होतात. खात्री होईपर्यंत तिन्ही मूळ प्रती कपाटात कुलपात ठेवा.